नव्वद दिवसांपुढची उधारी

कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायचं पत्र बहुतेक दुकानदारांना जूनमध्ये आठवतं. खताची गाडी दारात उभी असते, वितरक आगाऊ पैसे मागत असतो आणि खातं काठोकाठ भरलेलं असतं. बँकेच्या नजरेत यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. हे पत्र जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत लिहावं. धानाचे पैसे जमा होऊन खातं खाली आलेलं असतं, आणि ते खाली आलेलं दिसणं हाच अर्जाचा सगळ्यात मोठा पुरावा असतो.

तुमसरहून कटंगीकडे जाताना नाकाडोंगरी लागते. तिथल्या एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब आणि बँकेची कागदपत्रं मी पाहतो. मालकांची मागणी साधी होती. "बारा लाखांची लिमिट वीस करून द्या ना भाऊ, बाकी मले काई समजत नाई." विक्रीचे आकडे त्यांच्या बाजूने होते. २०२२-२३ मध्ये ८८ लाख, पुढच्या वर्षी १ कोटी २ लाख आणि २०२४-२५ मध्ये १ कोटी २१ लाख. चालू वर्षाचा अंदाज आम्ही १ कोटी ३५ लाख धरला. याहून जास्त धरला असता तर तो कशाच्या जोरावर, हे सांगता आलं नसतं.

रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. लघुउद्योगांसाठी तिने सुचवलेली रीत आजही शाखेत पहिल्यांदा लावून पाहतात. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के इतकं खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले ५ टक्के मालकाने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. त्या हिशेबाने आमचे २७ लाख होत होते. मालक खूश झाले आणि म्हणाले, मग सत्तावीसच मागा. तिथे मी थांबलो.

मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला ड्रॉइंग पॉवर म्हणतात आणि ती स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते. आमच्या खात्याचा नियम असा की दुकानातल्या मालातून देणी वजा करायची, उरलेल्याचे ७५ टक्के धरायचे आणि ग्राहकांकडच्या येण्याचे ६० टक्के त्यात मिळवायचे. येणी मात्र नव्वद दिवसांच्या आतलीच. ऑगस्टअखेर दुकानात ९ लाखांचा माल, १ लाखाची देणी आणि २४ लाखांची उधारी होती. ती जवळजवळ सगळी जून ते ऑगस्टमधली. म्हणजे मालाचे ६ लाख आणि उधारीचे १४ लाख ४० हजार, मिळून २० लाख ४० हजार. मर्यादा वीस लाख असती तर ऑगस्टमध्ये ती पुरती वापरता आली असती.

आता ऑक्टोबरअखेर पाहा. माल ४ लाखांवर आलेला, त्याचे ३ लाख. उधारी २६ लाख, पण त्यातली ऑगस्टपासूनची फक्त ९ लाखांची. जून-जुलैत दिलेलं युरिया, डीएपी आणि बियाणं नव्वद दिवसांच्या पलीकडे गेलं आणि हिशेबातून गळालं. राहिले ५ लाख ४० हजार. ड्रॉइंग पॉवर ८ लाख ४० हजार आणि खात्यावर नावे बाकी बारा लाख. जुन्या मर्यादेतसुद्धा खातं दर ऑक्टोबरला साडेतीन लाखांनी वर जात होतं, ते यामुळे.

उधारी बुडालेली नव्हती. शेतकऱ्याचं धान शेतात उभं होतं. ते कापायचं, चुरायचं, आधारभूत केंद्रावर न्यायचं, मापाची वाट पाहायची आणि मग चुकारे खात्यावर येण्याची. डिसेंबर-जानेवारीपूर्वी जूनच्या बिलाचे पैसे येतील ही अपेक्षाच चुकीची आहे. चुकारे रखडले तर फेब्रुवारी उजाडतो. नुसती मर्यादा वीस लाख करून घेतली असती तर ऑक्टोबरात खातं अकरा-साडेअकरा लाखांनी वर गेलं असतं. बाकी सलग नव्वद दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली की खातं अनुत्पादक ठरतं. वाढवून मिळालेल्या मर्यादेनेच जानेवारीत दुकान अडकलं असतं.

म्हणून पत्रात दोन मागण्या केल्या. मर्यादा वीस लाख, आणि येणी धरण्याची मुदत नव्वदऐवजी १८० दिवस. मुदत धंद्याच्या चक्राप्रमाणे ठरवणं बँकेच्या हातात असतं, पण ते कुणी मागितल्याशिवाय होत नाही. पत्र शाखेत देतात, निर्णय मात्र नाकाडोंगरी कधी न पाहिलेला माणूस घेतो. त्याच्यासाठी मी एक परिच्छेद असा लिहिला: "आमचे ग्राहक प्रामुख्याने धान उत्पादक आहेत. जून ते ऑगस्ट या काळातील विक्रीची वसुली डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. मागील तीन वर्षांचा महिनावार तपशील सोबत जोडला आहे."

त्या तपशिलात दर महिन्याची सर्वाधिक आणि सर्वांत कमी बाकी दिली. कॅश क्रेडिटला हप्ता नसतो, त्यामुळे "नियमित परतफेड केली" या वाक्याला तिथे फारसा अर्थ नाही. परतफेड दिसते ती खात्याच्या चढउतारात. ऑगस्टात बारा लाखांवर गेलेली बाकी जानेवारीअखेर दोन लाखांपर्यंत उतरते आणि असं तिन्ही वर्षी झालं आहे. वर्षभर एकाच उंचीवर बसलेलं खातं बँकेला खुपतं, मग त्यावरचं व्याज वेळेवर का भरलेलं असेना. आम्हाला आणखी एक आधार होता. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत कामाला असणारे काही ग्राहक शेतीही करतात, आणि ते पगार झाला की उधारी देतात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोरड्या महिन्यांतही खात्यात जमा दिसत होती.

विक्रीच्या आकड्यांना मात्र प्रश्न येणारच होता. जीएसटीच्या विवरणात करपात्र विक्री १ कोटी २ लाख होती, कारण बियाण्याचे १९ लाख करमुक्त रकान्यात जातात. वरवर पाहणारा पहिलाच आकडा उचलतो. आयकर विवरणात दोन्ही मिळून १ कोटी २१ लाख. बँकेच्या खात्यात जमा झाले ते ८३ लाख. ३८ लाखांच्या या फरकावर मालक म्हणाले, "ते लिहू नका, विचारतील." विचारतीलच, म्हणून आधीच लिहायचं. २७ लाख यूपीआयने मुलाच्या बचत खात्यात गेले होते, कारण गल्ल्यावरचा क्यूआर त्याच्या नावाचा होता. उरलेले ११ लाख रोख आले आणि हमाली, गाडीभाडं, पगार व घरखर्चात गेले. तक्ता करून लावला, मुलाच्या खात्याचा उतारा जोडला आणि क्यूआर दुकानाच्या खात्याला जोडून घेतल्याचं खाली नमूद केलं. याच ठिकाणी काही जण दोन खात्यांत पैसे फिरवून जमा फुगवतात. आजच्या उताऱ्यात आलेली रक्कम उद्या त्याच नावावर परत गेलेली दिसते, आणि ते ओळखायला अधिकाऱ्याला पाच मिनिटं पुरतात.

मंजुरी आली ती अठरा लाखांची. येणी १५० दिवसांपर्यंत धरायची, पण फक्त जुलै ते जानेवारी, आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटसोबत बिलाच्या तारखेनुसार उधारीची यादी द्यायची. मालकांना दोन लाख कमी मिळाल्याची चुटपुट होती. ऑक्टोबरअखेरची ड्रॉइंग पॉवर नव्या मुदतीने साडेअठरा लाखांच्या आसपास येते, म्हणजे वरचे दोन लाख तेव्हा तसेही पुरते उचलता आले नसते, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. आता उधारीची वही गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी बिलाच्या तारखेने लावली जाते. उन्हाळी धानाची उधारी निराळ्या पानांवर असते, कारण ती जानेवारीत चढते आणि पीक विकल्यावर सुटते, आणि तिच्यासाठी बँकेने नव्वदच दिवस ठेवले आहेत.