नकाशावाचनाचा एक जोडतास

सहावी-सातवीत शिकणाऱ्या आपल्या घरच्या मुलास "उत्तर कोणीकडे?" असे एकदा विचारून पाहावे. वर्षभर भिंतीवर टांगलेला नकाशा पाहिलेला मुलगा बहुधा आढ्याकडे बोट करील. यात त्याचा फारसा अपराध नाही. ज्या भाषेतून आपण दिशांची नावे घेतली, तिच्यातच 'उत्तर' या शब्दाचा मूळ अर्थ 'अधिक वरचा' असा आहे! त्यातून नकाशा दक्षिणेकडील भिंतीवर लावलेला असला म्हणजे तर पुरताच घोटाळा. मुलाच्या उजव्या हातास खरी पश्चिम असते, आणि नकाशा त्याच हातास पूर्व दाखवीत असतो. परीक्षेत त्यास पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण तोच नकाशा हाती देऊन त्यास माळावर उभे केले, तर समोरची टेकडी कागदावर कोणती, हे त्यास सांगता येत नाही.

प्रमाण, दिशा आणि चिन्हे हे तीन पाठ सुटेसुटे न शिकविता एका जोडतासात एकत्र शिकवावेत, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. ऐंशी मिनिटे का लागतात, याचे कारण वेळापत्रकात नसून सूर्यात आहे. पुण्याकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माथ्यावरून जाण्याची वेळ घड्याळात सुमारे 12 वाजून 40 मिनिटे ही असते; कारण आपले घड्याळ पुण्याहून बरेच पूर्वेकडील रेखांशाचे आहे. म्हणून 12 ते 1.20 हा जोडतास मागून घ्यावा. मुख्याध्यापक कुरकुर करतात, परंतु शेवटी देतात.

आरंभी अंगणात सपाट जागी एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी. दोऱ्यास खडा बांधून ओळंबा करावा व काठी दोन बाजूंनी तपासावी. हाच आपल्या ज्योतिषग्रंथांतील शंकू. सुमारे 12 वाजून 5 मिनिटांनी छायेच्या टोकाशी खूण करावी. त्या वेळी छाया नव्वद सेंटिमीटरांच्या आसपास भरते. काठीच्या बुडास दोरी बांधून तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ जमिनीवर आखावे, आणि शंकूस त्याच्या कामावर सोडून द्यावे. छाया आता आखडत वर्तुळाच्या आत शिरेल व दुपारनंतर पुन्हा परिघास येऊन भिडेल. तोवर सव्वा तास आपल्या हाती आहे.

या अवधीत प्रथम प्रमाण घ्यावे, आणि ते पावलांनी शिकवावे. टेपाने तीस मीटर अंतर मोजून मुलांस त्यावरून नेहमीच्या चालीने चालावयास सांगावे. एखाद्याची पन्नास पावले भरली, तर त्याचे पाऊल साठ सेंटिमीटरांचे. हुशार मुले मुद्दाम लांब टांगा टाकतात. त्यांस परत पाठवावे. समजा, शाळेचे अंगण अशा ऐंशी पावलांचे लांब व पन्नास पावलांचे रुंद भरले. म्हणजे ते 48 मीटर आणि 30 मीटर झाले. कागदावरील एका सेंटिमीटरास जमिनीवरचे चार मीटर धरले, की 12 सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद असा चौकोन होतो. चार मीटर म्हणजे चारशे सेंटिमीटर, म्हणून हे प्रमाण 1 : 400. गुणोत्तराच्या दोन्ही बाजूंस एकच माप असते, ही गोष्ट येथे आपोआप पटते. फळ्यावर ती दहादा सांगूनही पटत नाही.

दुसऱ्या तासास वर्गात येऊन भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्याच गावाचा स्थलनिर्देशक नकाशा बाकावर सपाट पसरावा. त्याचे प्रमाण 1 : 50,000, म्हणजे दोन सेंटिमीटरांस एक किलोमीटर. आता विचारावे, "आपण आताच मोजलेले अंगण येथे केवढे येईल?" मुले गणित करतात आणि 48 मीटरांचे जेमतेम एक मिलिमीटर होते, हे पाहून थक्क होतात. शाळेची विहीर चार मीटर रुंद असेल तर ती मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक व्हावी. ती डोळ्यांस दिसणारच नाही! मग ती दाखवावी कशी? येथे चिन्हाचा जन्म होतो. चिन्हांचा तक्ता आधी पाठ करून घेण्याची रीत मला म्हणूनच पसंत नाही. चिन्हाची गरज प्रमाणातून उत्पन्न झाल्याचे मुलाने पाहिले पाहिजे.

यातूनच नकाशावाचनातील सर्वांत चिवट चूक ओळखता येते. कोणा मुलास नकाशावरील रस्त्याची रुंदी पट्टीने मोजावयास सांगावी. ती अर्धा-पाऊण मिलिमीटर भरते, आणि रस्ता पंचवीस ते चाळीस मीटर रुंद असल्याचे तो ठामपणे सांगतो. प्रत्यक्षात रस्ता आठ मीटरांचा असावयाचा. चिन्हाच्या आकारास प्रमाण लागू नसते. ते लागू असते त्याच्या जागेस. देवळाच्या चिन्हापासून पुलाच्या चिन्हापर्यंत रस्त्याच्या वळणावळणाने दोरा ठेवला व तो पाच सेंटिमीटर भरला, तर वाट अडीच किलोमीटरांची हे खरे. पण देवळाचे चिन्ह मोठे म्हणून देऊळ मोठे, हे खरे नव्हे.

रंगांविषयी एकच गोष्ट सांगतो. पाण्याचा रंग निळा हे मुलांस ठाऊक असते, म्हणून काळ्या रेघेने दाखविलेला ओढा त्यांस पायवाट वाटतो. या नकाशांत कोरडा पडणारा ओढा काळा असतो. आपल्याकडील बहुतेक ओढे तसलेच, तेव्हा हे आधी दाखवावे. शाळांतून अलीकडे या नकाशाच्या काळ्या प्रती काढून वाटतात, तेथे तर रंग गेलेच. शिवाय प्रत लहान केली असल्यास 1 : 50,000 हा आकडाही खोटा ठरतो. पाच किलोमीटरांची दहा सेंटिमीटर रेषा साडेसात सेंटिमीटर भरली, की प्रत आखडली असे समजावे. अशा वेळी अंकावर न जाता त्या रेषेनेच मोजावे, कारण नकाशाबरोबर तीही तितकीच आखडलेली असते.

सव्वा वाजण्याच्या सुमारास सर्वांनी शंकूपाशी जमावे. छाया वर्तुळास टेकताच दुसरी खूण करावी. छायेचे टोक थोडे अंधुक असते, म्हणून दोन्ही खुणा एकाच मुलाने कराव्यात. दोन खुणांत सुमारे चाळीस सेंटिमीटर अंतर पडते. त्यांस जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. एखादा मुलगा म्हणेलच, "गुरुजी, सूर्य उगवतो ती पूर्व, मग एवढा खटाटोप कशाला?" त्यास सांगावे, की या दिवसांत आपल्याकडे सूर्य खऱ्या पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेस उगवतो. त्या भरवशावर निघालास, तर चार किलोमीटरांवरच्या गावापासून पावणेदोन किलोमीटर बाजूस जाऊन पडशील.

आता नकाशा जमिनीवर ठेवून त्याची आडवी कड या रेषेस समांतर करावी. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेस येतो. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाही. मग प्रत्येकाने शाळेच्या जागेवर पट्टी ठेवून ती नकाशातील टेकडीकडे वळवावी, आणि पट्टीवरून समोर पाहावे. टेकडी तेथेच असते. ती तशी दिसली नाही, तर नकाशा बहुधा उलटा ठेवलेला असतो.

हा तास उन्हाळ्यात घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो, म्हणून छाया दक्षिणेस पडते. 'मध्यान्हीची छाया उत्तर दाखविते' असे पाठ केलेला मुलगा त्या दिवसांत नकाशा नेमका उलटा मांडील. त्या सुमारास दुपारची छाया अगदी आखूडही असते. तेव्हा खुणा सकाळी नऊच्या व दुपारी चारच्या सुमारास कराव्यात. पहिली खूण मात्र बाराही महिने पश्चिमेचीच असते.