मिठाची बरणी

चिखलोलीत पाऊस लागला की माझ्या मिठाला पाणी सुटायचं. बरणी गॅसच्या शेजारीच असायची, झाकण अर्धवट लावलेली. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी, ज्या नर्स आहेत, मीठ तपासायची छोटी बाटली घेऊन आल्या. त्यांनी नव्या पाकिटातल्या चिमूटभर मिठावर थेंब टाकला. ते गडद जांभळं झालं. माझ्या बरणीतल्या मिठावर मात्र जेमतेम फिकट छटा आली.

मी म्हटलं, "वहिनी, मी तर डाळीबरोबर कुकरमध्येच मीठ घालते. म्हणजे उरलंसुरलं आयोडीनही वाफेबरोबर जात असणार."

"सगळं नाही जात हो," त्या म्हणाल्या. "तुमचं तर शिजायच्या आधी बरणीतच गेलंय."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. ते नुसत्या उष्णतेने सहज उडत नाही, पण ओल आणि अन्नातले इतर घटक त्याला हळूहळू मोडतात. भारतीय स्वयंपाकावर १९९५ साली एक अभ्यास झाला. त्यात उकळताना सरासरी ३७ टक्के, कुकरमध्ये २२ टक्के आणि भाजताना फक्त ६ टक्के आयोडीन कमी झालं.

मी हिशेब मांडला. कायद्याने ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या मिठाच्या एका ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० लागतं. आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १२० मिळतं, आणि सगळं उकळून खाल्लं तर साधारण ७६ उरतं. दूध-मासळीतून थोडी भर पडते. पण त्याच ग्रॅमात ३० असेल, तर उकळूनही १५० च्या आसपास उरतं. मग मीठ कधी घालायचं यापेक्षा मिठात मुळात आयोडीन किती आहे याचाच फरक मोठा. जास्त मीठ खाणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

तरी मी सवय बदलली. डाळ बिनमिठाची शिजवते, आमटीला फोडणी, आमसूल घालून उकळी आली की शेवटी मीठ घालते आणि एक उकळी देऊन गॅस बंद करते. भेंडीलाही शेवटीच. वांग्याच्या रश्शात मात्र मीठ आत मुरायला हवं, ते आधीच घालते. रस्सा आपण खातोच. आयोडीन खरं जातं ते फेकलेल्या पाण्यातून. कारली मीठ चोळून पिळते, त्या कडू पाण्याबरोबर मिठातलं आयोडीनही मोरीत जातं. म्हणून चोळायला थोडंच मीठ घेते आणि भाजी परतून झाल्यावर चवीपुरतं वरून घालते.

शिजवलेल्या आमटीवर तो थेंब टाकून बघायची मला फार इच्छा होती. वहिनींनी हात धरला. ती बाटली कोरड्या मिठासाठी आहे, आमटीत आमसूल-हळद-मसाला असताना रंगावरून काही कळत नाही म्हणाल्या.

आता मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांबच्या फळीवर असतं. पाकीट अर्धा किलोचंच आणते. चमचा कोरडा आहे ना, ते बघूनच आत घालते.