मौखिकी झाल्यावरचा मेल : काही टिपणे

१.
डहीहून इंदूरला जायचे म्हणजे कुक्षी, मनावर, धार असा पल्ला. पीएच.डी.च्या मौखिकीच्या दिवशी उमेदवार पहाटे निघतो, परीक्षक आदल्या रात्री मुक्कामाला येतात. दीड तासात सगळे उरकते. हार, पेढे, फोटो होतात आणि परीक्षक गाडीत बसतात. आभार मानायचे नीट राहून जातात. ते दुसऱ्या दिवशी मेलवर मानायचे असतात.

२.
डहीतल्या एका मराठी घरातली मुलगी. आजोबा धार संस्थानाच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. तिचा प्रबंध सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या नर्मदाकाठच्या गावांवर : पुनर्वसन वसाहतीत गेल्यावर त्या लोकांचा आठवडी हाट कुठे गेला, कोण कुठे विकायला बसू लागले. मौखिकीनंतर तिने आभाराचा मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला.

३.
तिचा पहिला मसुदा : ‘आदरणीय मॅडम, कालचा दिवस माझ्या आयुष्यातील सर्वांत भाग्याचा होता. आपल्यासारख्या थोर विदुषीचे चरण आमच्या विभागाला लागले. आपण मला उत्तीर्ण केलेत त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. आपला आशीर्वाद असाच राहो. सोबत बायोडेटा जोडला आहे, आपल्याकडे जागा निघाल्यास कृपया कळवावे.’

भावना खरी होती. तरीही यातले एकही वाक्य ठेवण्यासारखे नव्हते.

४.
‘उत्तीर्ण केलेत’ हे आधी काढले. परीक्षक कुणाला उत्तीर्ण करत नाही. तो प्रबंध वाचतो आणि शिफारस करतो. पदवी विद्यापीठ देते, तीही अधिसूचना निघाल्यावर. शिफारशीबद्दल आभार मानले की ती मेहेरबानी होती असा अर्थ निघतो, आणि हा मेल परीक्षकाच्या खात्यात कायमचा राहतो.

त्याच कारणाने सहीत स्वतःच्या नावामागे ‘डॉ.’ लावायचे नाही. मौखिकीच्या संध्याकाळी सगळे गाव डॉक्टर म्हणू लागते, ते म्हणू द्यावे. मेलमध्ये अधिसूचनेपर्यंत थांबावे.

५.
बायोडेटा काढला. आभाराच्या मेलमध्ये मागणी आली की आभार मागणीची प्रस्तावना होतात. शिफारसपत्र, नोकरी, लेख छापण्यासाठी शब्द, हे सगळे मागता येते, पण काही महिन्यांनी आणि वेगळ्या मेलने.

६.
भेटवस्तू नाही. शालीचा फोटोही नाही. मोठ्या फाइलचा संपूर्ण प्रबंध पुन्हा नाही. त्यांनी तो वाचला आहे.

७.
मग मी तिला विचारले, ‘बाईंनी नेमकं काय विचारलं होतं?’

ती लगेच म्हणाली, ‘सर, त्या म्हणाल्या, तुम्ही ज्यांच्याशी बोललात ती सगळी कुटुंबं वसाहतीत राहायला गेलेली आहेत. जी गेलीच नाहीत, नातेवाइकांकडे किंवा वरच्या टेकडीवर राहिली, त्यांचा बाजार कुठे गेला? आणि त्यांना न विचारता तुम्ही ‘विस्थापितांचा बाजार’ असं कसं लिहिता?’

‘मग तू काय उत्तर दिलंस?’

‘अर्धवट दिलं.’

मेलचा मजकूर इथे होता. मसुद्यात त्याचा एक शब्दही नव्हता.

८.
हा प्रश्न किती कामाचा होता ते सांगतो. वसाहतीत माणसे एका जागी सापडतात. यादी मिळते, घरांना क्रमांक असतात, चार दिवसांत मुलाखती होतात. विखुरलेले कुटुंब शोधायला महिना जातो, म्हणून संशोधक वसाहतीत जातो. पण वसाहतीत न गेलेल्यांनी बहुधा जुन्या ओळखीच्या बाजाराशीच नाते ठेवले असेल, म्हणूनच ते तिकडे गेले नसतील. तसे असेल तर ‘जुना बाजार तुटला’ हा निष्कर्ष फक्त वसाहतीतल्यांपुरता उरतो. बाईंना पूर्ण प्रबंध न वाचता हा प्रश्न विचारता आला नसता. आभार त्या वाचनाचे मानायचे.

९.
पाठवला गेलेला मेल असा :

‘विषय : पीएच.डी. मौखिक परीक्षेबद्दल आभार

माननीय प्राध्यापक महोदया,

मंगळवारी माझ्या मौखिक परीक्षेसाठी आपण इंदूरला आलात आणि माझा प्रबंध बारकाईने वाचलात, याबद्दल मनःपूर्वक आभार.

वसाहतीत न गेलेल्या कुटुंबांविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा पूर्ण देता आले नाही. नमुना निवडीची ही मर्यादा आता तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिली आहे आणि शेवटच्या प्रकरणातील बाजाराविषयीचा निष्कर्ष वसाहतीतील कुटुंबांपुरता मर्यादित केला आहे. दुरुस्त प्रत मार्गदर्शकांकडे दिली आहे. पुढचे काम मी याच प्रश्नापासून सुरू करणार आहे.

आपली नम्र,’

खाली नाव, विषय, संशोधन केंद्र. बस.

१०.
विषयाची ओळ नुसती ‘आभार’ अशी नको. परीक्षक वर्षभरात बऱ्याच मौखिकी घेतात. ओळीत ‘पीएच.डी. मौखिक परीक्षा’ हे शब्द असले की मेल नंतर शोधता येतो.

११.
‘पुढचे काम मी याच प्रश्नापासून सुरू करणार आहे’ हे वाक्य तिने स्वतः घातले. मी विचारले, ‘खरंच करणार आहेस?’ ती म्हणाली, ‘नावं काढायला घेतलीसुद्धा.’ म्हणून ठेवले. करायचे नसेल तर असे वाक्य लिहू नये.

१२.
दुसऱ्या परीक्षकाचे काय? इथे बहुतेक जण चुकतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रबंध मार्गदर्शकाबरोबर किमान दोन बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. मौखिकीला त्यांपैकी एक आला तरी चालतो. पण दोघांनीही स्वीकाराची शिफारस केल्याशिवाय मौखिकी लागतच नाही. एकाने नकार दिला तर प्रबंध मंजूर यादीतल्या पर्यायी परीक्षकाकडे जातो आणि त्याचा होकार लागतो.

म्हणजे जो समोर दिसलाच नाही, ज्याने हार घेतला नाही, त्याच्या अहवालावरही ती मौखिकी उभी होती. फोटोत तो नसतो आणि आभारातही नसतो.

१३.
त्याचे नाव बऱ्याचदा उमेदवाराला माहीत नसते. अहवाल नाव झाकून मिळतो. अशा वेळी कार्यालयात ओळख काढून नाव शोधू नये. अधिसूचना निघाल्यावर मार्गदर्शकांकडे किंवा परीक्षा विभागाकडे चार ओळी द्याव्यात : ‘माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या बहिःस्थ परीक्षकांपर्यंत कृपया हे पोचवावे.’ पोचेलच असे नाही. तरी द्यावे.

१४.
तिच्या दुसऱ्या परीक्षकाचा अहवाल दीड पान होता. त्यात एक वाक्य होते : टक्केवारी देताना खाली एकूण कुटुंबांची संख्या द्या. तिच्या एका तक्त्यात ‘६७ टक्के स्त्रियांनी हाटाला जाणे सोडले’ असे होते आणि त्या स्त्रिया मोजून नऊ होत्या. नऊपैकी सहा. ६७ टक्के म्हटल्यावर मोठा गट डोळ्यांपुढे येतो. ‘नऊपैकी सहा’ म्हटल्यावर सहा बायका दिसतात. तिने सगळे तक्ते बदलले. त्या परीक्षकांना लिहिलेल्या चार ओळींत तिने एवढेच लिहिले की आता प्रत्येक तक्त्याखाली संख्या आहे.

१५.
इंदूरच्या शेजारी महू. तिथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला. परीक्षकांनी आक्षेप घेतले, प्रबंध पुन्हा मांडून द्यावा लागला. १९२३ साली तो मान्य झाला आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपले गुरू प्रा. एडविन कॅनन यांचे आभार मानले आहेत. कशाबद्दल? सैद्धांतिक मांडणीची कठोर तपासणी करून अनेक चुकांपासून वाचवल्याबद्दल. मतांची जबाबदारी मात्र कॅनन यांची नाही, हेही तिथेच लिहिले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवले आहेत.

माझ्या वाचनात आभाराचा यापेक्षा चांगला नमुना नाही.

१६.
अहवाल कडक असेल, दुरुस्त्यांमध्ये सहा महिने गेले असतील, तरी मेल लिहावा. मौखिकीत राहिलेला वाद मात्र त्यात पुन्हा काढू नये. ‘आपला आक्षेप मला पटला नव्हता, तरीही’ अशी सुरुवात झालेले मेल मी पाहिले आहेत. पटले नसेल तर त्यावर लेख लिहावा.

१७.
ऑनलाइन मौखिकी २०२० पासून रुळली आणि २०२२ च्या नियमांतही तिला जागा आहे. पडद्यावर परीक्षक ‘अभिनंदन’ म्हणतात आणि जोडणी तुटते. पाणी विचारायचे राहते, गाडीपर्यंत सोडायला जाता येत नाही. तिथे हा मेल त्याच दिवशी गेला तरी बरा दिसतो. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मौखिकीच्या आधी कधीच नाही, ‘येत असल्याबद्दल आभार’ असाही नाही.

१८.
परदेशातले परीक्षक असतील तर त्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहू नये. प्रोफेसर आणि आडनाव पुरते. आणि मेल आणखी छोटा.

१९.
सगळ्यांना मिळून एकच मेल पाठवू नये. झाकलेले नाव त्यामुळे उघडे पडू शकते. शिवाय सगळ्यांचे सारखेच आभार मानायचे म्हटले की नेमका प्रश्न लिहिता येत नाही.

२०.
परीक्षकांच्या प्रवासभत्त्याचे बिल अडकले असेल तर ते मार्गदर्शकाने वेगळे बघावे. उमेदवाराने त्याबद्दल मेलमध्ये माफी मागू नये.

२१.
प्रबंध शोधगंगावर चढला की एक ओळ आणि दुवा पाठवायला हरकत नाही. तो दुसरा मेल, आणि शेवटचा.

२२.
उत्तर आलेच पाहिजे असे नाही. तिला आले, दोन ओळींचे. बाईंनी लिहिले होते की टेकडीवरची कुटुंबे शोधायला पावसाळ्यातच जा, नंतर ती मजुरीला गुजरातेत गेलेली असतील.

२३.
तुमची मौखिकी जवळ आली असेल तर एक काम आधीच करून ठेवा. परीक्षक प्रश्न विचारू लागले की ते जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यायला एखाद्या मित्राला मागे बसवा. उमेदवाराला त्या घाईत शब्द आठवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मेल लिहिताना तेच लागतात.