सलग सेवेची एक ओळ

ते पत्र मी तयार केलं होतं. मसुदा नव्या कंपनीच्या वकिलांचा होता, हे खरं. पण तो वाचून, माणसांची नावं घालून, सह्यांसाठी वाटला मी. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष वकिलांवर ढकलायची सोय मला नाही.

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड वसाहतीत. पत्र्याचे सुटे भाग करून मोटार कंपन्यांना पुरवायचे, हा धंदा. मी तिथे पर्सोनेल सांभाळायचो. मालक एकटे, वय झालेलं, मुलं परदेशात. २०१२ च्या सुमारास एका मोठ्या समूहाने आम्हाला घ्यायचं ठरवलं. मला हे काही महिने आधी कळलं होतं आणि गुप्ततेच्या कागदावर माझी सहीही होती. लोक विचारायचे, "साहेब, ते सुटाबुटातले लोक कशाला येतात?" मी सांगायचो, "ग्राहकाचं ऑडिट आहे." गप्प बसण्याचं बंधन होतं, खोटं बोलण्याचं नव्हतं. हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

कंपनी दोन तऱ्हांनी विकली जाते. शेअर विकले तर मालक बदलतो, पण कंपनी तीच राहते. कामगाराच्या नेमणूकपत्रावरचं नाव बदलत नाही, आणि त्याची सेवाही तुटत नाही. आमच्याकडे तसं नव्हतं. जुनी कंपनी मालकांकडेच राहणार होती आणि धंदा तेवढा विकला जाणार होता. जागा, प्रेस, ऑर्डरी आणि माणसंसुद्धा. म्हणजे कागदोपत्री प्रत्येकाची एक नोकरी संपून दुसरी सुरू होत होती. अशा वेळी कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याच्या 25FF कलमाचा आधार होता. सेवा खंडित होणार नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसतील आणि पुढे कपात झालीच तर जुनी वर्षं धरून भरपाई मिळेल, या तिन्ही गोष्टी पाळल्या नाहीत तर हस्तांतरालाच कपात समजून भरपाई द्यावी लागायची. पण हे कायद्याच्या भाषेत जे 'कामगार' त्यांच्यापुरतं. सुपरवायझर आणि वरचा स्टाफ बहुतेक त्याच्या बाहेर.

माझी सगळी भीती युनियनची होती. संप होईल, गेटवर घोषणा होतील, म्हणून मी युनियनबरोबर रात्री अकरापर्यंत बसलो. त्यांच्या सेक्रेटरीने एकच हट्ट धरला, की प्रत्येकाच्या पत्रात 'मूळ नेमणुकीच्या तारखेपासून सेवा सलग धरली जाईल' असं मराठीत लिहा. लिहिलं. कामगारांनी दोन दिवसांत सह्या केल्या आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

स्टाफच्या पत्रात ती ओळ नव्हती. इंग्रजीतलं दोन पानी पत्र, सहीला तीन दिवसांची मुदत. विक्रीच्या मुख्य करारात सगळ्यांची जुनी सेवा धरण्याचं कलम होतं आणि ते मी स्वतः वाचलेलं होतं, म्हणून पत्रात नसल्याने काही बिघडत नाही असं मी धरून चाललो. तो करार माझ्याशिवाय कारखान्यात कुणी पाहिलेला नाही, हे मात्र डोक्यात आलं नाही.

नव्या कंपनीचे अधिकारी आले तेव्हा मी स्टाफची सभा घेतली. "काहीही बदलणार नाही," असं मीच माइकवर सांगितलं. मग विचारलं, कुणाला काही प्रश्न? कुणालाच नव्हते. नव्या साहेबांच्या समोर कोण विचारणार? मी वर कळवलं, स्टाफ समाधानी आहे.

प्रश्न विचारले जात होते, पण माझ्या टेबलाशी आणि वेगळ्या रूपात. शिल्लक रजा किती, पीएफ किती जमला, हे लोक कधी नव्हे ते विचारायला लागले. बरेच जण शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या घेऊन गेले. मला वाटलं, घरकर्जासाठी असतील. एकाच महिन्यात निम्मा स्टाफ घर घेत नाही. तीन महिन्यांच्या पावत्या मुलाखतीला लागतात. इतकी वर्षं दुसरीकडून येणाऱ्यांच्या त्याच पावत्या मी स्वतः मागत आलो होतो.

दरम्यान 'काहीही बदलणार नाही' चे तुकडे पडत होते. पूर्वी मुलीच्या लग्नाला उचल हवी तर मालकांच्या केबिनमधून चिठ्ठी मिळायची. आता कर्ज धोरण आलं आणि मंजुरी मुंबईहून. हुद्दे नव्या श्रेणीत बसवले, त्यात आमचे मॅनेजर असिस्टंट मॅनेजर झाले. मी एकाला म्हणालो, "पगार तोच आहे ना?" तो म्हणाला, "पगार घरात कळतो साहेब, हुद्दा सोयरिकीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सगळ्यात महाग पडले आमचे टूलरूमचे प्रमुख. बावीस वर्षं नोकरी, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार. सही न करता त्यांनी राजीनामा ठेवला. कारण विचारल्यावर खिशातून कागद काढला. त्यावर ग्रॅच्युइटीचा हिशेब होता: २६ हजार भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५ हजार. बावीस वर्षांचे ३ लाख ३० हजार. "हस्तांतराच्या तारखेआधी सोडलं तर हे आत्ता हातात येतात. सही केली तर माझी सेवा नव्याने सुरू. पत्रात माझी जुनी वर्षं कुठे आहेत, तेवढं दाखवा."

मी म्हणालो, करारात आहेत. ते म्हणाले, "करार दाखवा." करार दाखवायची मला परवानगी नव्हती.

त्यांचा हिशेब बरोबर होता, पण अर्धा होता. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर सगळ्या वर्षांची मिळते. निवृत्तीला त्यांची आठ वर्षं उरली होती. तोवर पगार ३९ हजारांवर गेला असता, तर तीस वर्षांचे पावणेसात लाख झाले असते. हे त्यांना समोर बसवून मांडून दाखवायला दहा मिनिटं पुरली असती. ती दहा मिनिटं मी सह्यांची यादी पूर्ण करण्यात घालवली. त्यातून, हिशेब मांडला असता तरी खाली एक लेखी ओळ हवीच होती, आणि ती मागायला मी वकिलांकडे गेलो ते त्यांचा राजीनामा मंजूर झाल्यावर. वकिलांनी ती त्याच संध्याकाळी घालून दिली. कुणाचाच विरोध नव्हता. कुणी मागितलीच नव्हती.

सुधारित पत्र वाटेपर्यंत स्टाफमधले अकरा जण गेले होते. कोणत्या डायला किती जाडीची शिम लागते, हे टूलरूमच्या प्रमुखांच्या वहीत होतं आणि वही त्यांची स्वतःची होती. दोन महिन्यांत भागांच्या कडांना बर यायला लागली आणि ग्राहकाने एक अख्खी खेप परत पाठवली. नव्या साहेबांनी विचारलं, "असा माणूस आपण सोडला कसा?" मी सांगितलं, पत्रात एक ओळ राहिली. त्यांना ते उत्तर पटलं नाही. त्यांच्या मते माणसं पगारासाठी जातात.

पुढे त्या गृहस्थांनी सातपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये भागीदारी घेतली. आमच्या डाय दुरुस्तीला तिथेच जायला लागल्या. त्यांचं महिन्याचं बिल त्यांच्या जुन्या पगाराच्या दुपटीहून जास्त असायचं, आणि नव्या कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यावर पहिली सही माझी लागायची.