सोपं करताना अर्थ सांडू नये

नोकरी करत एम.ए. करताना समाजशास्त्राच्या निबंधात मी लिहिलं, ‘जातिव्यवस्था ही श्रेणीबद्ध विषमतेची संरचनात्मक अभिव्यक्ती होय.’ नागपूरच्या आमच्या शाळेतल्या मॅडमना ते कळेना. मग लिहिलं, ‘जातींत उच्चनीच असते.’ कळलं, पण हे तर गरीब-श्रीमंतांनाही लागू पडतं! डॉ. आंबेडकरांचा मुद्दाच सांडला. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘जातींची उतरंड असते. अगदी तळची सोडली तर प्रत्येक जातीखाली दुसरी जात असते. आपलं हे वरचेपण जाईल म्हणून वरच्यांचा जाच सोसणारेही एकत्र येत नाहीत. हीच श्रेणीबद्ध विषमता.’ ‘संरचनात्मक अभिव्यक्ती’ गेली, काही बिघडलं नाही. ‘श्रेणीबद्ध’ मात्र उलगडून ठेवावाच लागला. तुमचं सोपं वाक्य दुसऱ्याच गोष्टीला लागू पडतंय का, तेवढं तपासा.