तापलेल्या पत्र्याच्या दोन बाजू

मे महिन्यात मालवणात आमसुलं वाळवायची घाई असते; वळवाचा पाऊस कधी गाठेल ते सांगता येत नाही. म्हणून बागायतदार माझ्याकडून सौर ड्रायर करून घेतात. बहुतेकांच्या मनातला आराखडा एकच: वर काळा पत्रा, खाली रातांब्याच्या सालींचे ट्रे. एका काकांनी विचारलं होतं, "पत्रो इतको तापलो, मगे खालचो वारो कित्याक तापना नाय?"

उत्तर उदबत्तीने दिसतं. बंद शेडमध्ये, वारा नसताना, तापलेल्या आडव्या पत्र्यावर ती धरली की धूर मधूनच सुटून वर जातो. खालून धरली तर तो पत्र्याला चिकटून आडवा सरकतो आणि कडेला पोचल्यावरच वर निघतो. गरम हवा हलकी. वरच्या अंगाला तिला कुठूनही सुटका आहे, खालच्या अंगाला पत्राच आडवा येतो.

सूत्रांत हेच उतरलंय. १ मीटर चौरस पत्रा ६० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर धरू. लांबी म्हणून क्षेत्रफळ भागिले परिमिती, म्हणजे ०.२५ मीटर घ्यायची. पत्र्याची बाजू घेतली तर खालच्या अंगाचं उत्तर चुकतं. रॅले अंक येतो सुमारे ३.३ कोटी. त्या टप्प्यात वरच्या बाजूला `Nu = 0.15 Ra^(1/3)`, खालच्या बाजूला `Nu = 0.27 Ra^(1/4)`. हिशेब केला की हवेला वरून सुमारे १६० वॅट मिळतात, खालून जेमतेम ७०.

पण मला आकड्यापेक्षा घातांक महत्त्वाचा वाटतो. एक-तृतीयांश घातांकात लांबी कटून जाते, म्हणून वरच्या बाजूला पत्रा मोठा केला तरी दर चौरस मीटरची उष्णता तेवढीच राहते. एक-चतुर्थांशात ती कटत नाही. पत्र्याची बाजू दुप्पट केली की खालची हवा दर चौरस मीटरला सुमारे १६ टक्के कमी उष्णता घेते, कारण तिला कडेपर्यंत जास्त सरकावं लागतं. मोठा ड्रायर मागणाऱ्याला हे आधीच सांगावं लागतं.

मग खाली बसलेल्याला चटका कसला बसतो? तो किरणांचा. खालून काळा रंग असेल तर तोच पत्रा प्रारणाने सुमारे २०० वॅट खाली टाकतो. त्यात वरची सालं करपतात आणि भोवतालची हवा मात्र ओलसर राहते.

म्हणून मी पत्रा ट्रेवर आडवा ठेवतच नाही. त्याची वेगळी उतरती पेटी करतो आणि तिच्या वरच्या टोकाला ट्रेचा खण जोडतो, म्हणजे पत्र्याखालच्या हवेलाही चढायला वाट मिळते. ही सूत्रं मोकळ्या कडांच्या आणि निवांत हवेतल्या पत्र्याची. पेटीत ती अंदाजापुरतीच. दुपारी खारा वारा सुटला की उघड्या पत्र्यालाही ती लागू पडत नाहीत. उतार आडव्यापासून ३० अंशांच्या वर असेल तर खालच्या अंगाला उभ्या पत्र्याचं सूत्र, गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा घटक घेऊन, बरं चालतं. त्याहून कमी उतार असला तर मी हिशेबावर विसंबत नाही, खणाच्या तोंडाशी थर्मामीटर लावून बघतो.