सनईखालची आजी

एकदा शिजलेल्या खिचडीतून डाळ आणि तांदूळ वेगळे करता येत नाहीत. आवाजाचंही तसंच आहे. व्हिडिओ तयार करणारा माणूस बोलणं आणि संगीत दोन वेगळ्या पट्ट्यांवर ठेवतो, पण शेवटची फाइल बनते तेव्हा दोन्हींची बेरीज होते आणि उरते फक्त बेरीज. १२ हा आकडा ७ आणि ५ चा आहे की ९ आणि ३ चा, हे १२ कडे बघून कळत नाही. बोलणं कसं असतं आणि संगीत कसं असतं याची आधीची ओळख असेल, तर मात्र अंदाज बांधता येतो.

मी एडिंबरात भूकंपशास्त्रात पोस्टडॉक करते. वारा आणि समुद्राच्या लाटांच्या कुरकुरीतून बारीक भूकंप शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावशीच्या पंचाहत्तरीसाठी छोटी फिल्म करायची ठरली, तेव्हा आजीचा आवाज सोडवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आजीला जाऊन बारा वर्षं झाली. तिचं सलग बोलणं एकाच ठिकाणी सापडतं, २००६ मधल्या तिच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या व्हिडिओत. चार मिनिटं ती आपल्या लहानपणाबद्दल बोलली आहे, आणि व्हिडिओवाल्यानं त्या चारही मिनिटांवर संगीत घातलंय. आधी सनई-तबला, मग सिनेमातलं एक गाणं. मूळ कॅसेट केव्हाच पुसल्या गेल्या.

घरच्या ग्रुपवर फिरत असलेली क्लिप मी बाजूला ठेवली. व्हॉट्सॲप आवाज दाबून लहान करतं आणि तसं करताना मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज सरळ फेकून देतं, कारण कानाला तो तसाही ऐकू येणार नसतो. आपल्याला नेमका तो झाकलेला आवाजच हवा असतो. डीव्हीडीवरचा आवाजही दाबलेलाच असतो, पण पुष्कळ कमी. म्हणून सांगलीला मामाला फोन केला.

"मामा, डीव्हीडीतल्या मोठ्या फाइली जशाच्या तशा पाठव. व्हॉट्सॲपवरून नको."

"अगं, पण त्यात ती सनई आहेच की!"

"असू दे. सनई मी बघते."

आलेल्या फाइलमधून चित्र टाकून फक्त आवाज काढला आणि तो डेमक्स या मोफत प्रोग्रामला दिला:

```
ffmpeg -i VTS_01_1.VOB -vn -c:a pcm_s16le aaji.wav
demucs --two-stems=vocals aaji.wav
```

दोन फाइली मिळतात. `vocals.wav` मध्ये माणसाचा आवाज आणि `no_vocals.wav` मध्ये बाकी सगळं. डेमक्स गाण्यांवर शिकलेला आहे. गायक, ड्रम, बास आणि 'इतर' असे चार भाग वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेली, बहुतेक पाश्चात्त्य धाटणीची गाणी त्याला ऐकवलेली आहेत. तबल्याचं त्याला काही वाटत नाही, कारण थाप क्षणात येऊन जाते आणि ड्रमच्या जवळची वाटते. सनई मात्र त्याला गोंधळात टाकते. ती श्वासावर वाजते, मींड घेते, आणि तिचे सूर बाईच्या आवाजाच्याच पट्टीत फिरतात. त्यामुळे आजीच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत `vocals.wav` मध्ये सनईचे तुकडे डोकावत होते, कोणी लांबून रडतंय असे.

ते तुकडे सगळ्यांना ऐकू येतात, म्हणून लोक त्यांच्याच मागे लागतात. मला जास्त काळजी उलट दिशेच्या गळतीची होती. पहिल्यांदा `no_vocals.wav` ऐकावी, हेडफोन लावून. त्यात सनईमागे आजी कुजबुजत असेल, तर तेवढी आजी आपण आवाजाच्या फाइलमधून गमावलेली आहे. आणि ती कुजबुजत होतीच. स्वर नव्हते, पण 'स', 'श', 'च' यांचे सुस्कारे तिकडे गेले होते. या वर्णांत सूर नसतो, नुसती हवेची खसखस असते, आणि ती प्रोग्रामला झांजेसारखी वाटते. इकडे `vocals.wav` मध्ये आजी 'शाळा' म्हणताना बोबडी झाली होती.

मामेभावाला ती स्वच्छ फाइल फार आवडली. मला नाही आवडली. बोबडेपणा सोडला तरी दोन वाक्यांच्या मध्ये हॉलमधल्या पंख्याची घरघरसुद्धा गेली होती, आणि आजी कुठल्यातरी पोकळीत बसून बोलतेय असं वाटत होतं. म्हणून मी काढलेलं संगीत थोडं परत मिसळलं, १५ डेसिबल खाली, म्हणजे मूळच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं:

```
ffmpeg -i vocals.wav -i no_vocals.wav -filter_complex \
"[1:a]volume=-15dB[m];[0:a][m]amix=inputs=2:normalize=0" mix.wav
```

सनई दूरच्या मांडवात गेली, पंखा परत आला आणि त्याच्याबरोबर 'श' सुद्धा थोडा परत आला. आवाज कितपत धुवायचा हे तो पुढे कुठे वापरायचा यावर ठरतं. फिल्ममध्ये त्याखाली तानपुरा येणार होता, म्हणजे उरलेली सनई त्यात मुरणारच होती. नुसता आवाज शांततेत ऐकवायचा असता तर मी संगीत आणखी जास्त ठेवलं असतं, कारण शांततेत प्रत्येक ओरखडा उघडा पडतो.

सिनेमातल्या गाण्याखालची चाळीस सेकंदं हे वेगळंच प्रकरण होतं. तिथे गायिकाही माणूसच, त्यामुळे प्रोग्रामनं दोघींनाही एकाच फाइलमध्ये बसवलं. अशा वेळी एक सरळ उपाय सुचतो. तेच गाणं सीडीवरून घ्यायचं, नेमकं जुळवायचं आणि वजा करायचं. कागदावर हे बिनचूक आहे. पण डीव्हीडीवर आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने असतात. जुळवणीत एकाच नमुन्याची चूक झाली तर २०० हर्ट्झच्या जाड सुरांवर काहीच बिघडत नाही, तो सूर जवळजवळ पूर्ण वजा होतो. ८,००० हर्ट्झवर मात्र तेवढीच चूक लाटेच्या सहाव्या भागाएवढी होते, आणि वजाबाकीनंतर जेवढा आवाज आधी होता तेवढाच पुन्हा उरतो. त्यात व्हिडिओवाल्यानं आजी बोलायला लागली की गाणं हातानं खाली आणि थांबली की वर केलेलं, म्हणजे किती वजा करायचं हेही क्षणाक्षणाला बदलत होतं. दोन संध्याकाळी त्यात घातल्या. गाण्याचा ठेका आणि खालचे सूर विरले, गायिकेचे शब्द तसेच राहिले.

त्याच चाळीस सेकंदांत आजी तिला चौथीनंतरही घरी येऊन शिकवणाऱ्या बाईंचं नाव सांगते. "आमच्या त्या..." एवढं स्पष्ट येतं आणि नावावर नेमकी गायिकेची तान. स्पेक्ट्रोग्रामवर बघितलं, तर तिथे तानेच्या वळणदार रेघांखाली आजीच्या रेघा मला वेगळ्या काढता आल्या नाहीत. मामेभाऊ म्हणाला, "अगं, बाकीचा आवाज आहे ना आपल्याकडे? त्यावरून कॉम्प्युटरकडून तेवढा एक शब्द बोलवून घेऊ. कोणाला कळणार आहे?" मावशीला कळलं नसतं, हे खरंच. पण मावशी ते नाव आईच्या तोंडून ऐकलं असं समजून गेली असती, आणि ते मला पटेना.

नाव मामाला आठवत होतं. फिल्ममध्ये त्या जागी गाणं जसंच्या तसं ठेवलंय, आजीचे ओठ हलताना दिसतात आणि खाली अक्षरांत बाईंचं नाव येतं. मामानं पाठवलेली मूळ फाइल, `aaji.wav` आणि दोन्ही सुटे भाग मी दोन डिस्कवर ठेवले आहेत, एक इथे आणि एक सांगलीत.